कृत्रिम सांध्याभोवतीचं हाड विरघळणं आणि सांधा सैल होणं: नागपूरच्या ओपीडीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खुब्याचा सांधा बदलून दहा-वीस वर्षं झालेले बरेच लोक आता तपासणीला येतात. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, छिंदवाड्याहून येणाऱ्यांपैकी अनेकांचं पहिलं ऑपरेशन तिशीतच झालेलं असतं. त्यामागे बहुतेक वेळा सिकलसेल असतो. सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, गोळा मरतो आणि सांधा बदलावा लागतो. रुग्ण तरुण असल्याने पुढे तोच सांधा तीस-चाळीस वर्षं चालवायचा असतो. खालचे प्रश्न या लोकांचे आणि त्यांच्या घरच्यांचे आहेत. उत्तरं मुख्यतः खुब्याबद्दल आहेत, गुडघ्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

कृत्रिम सांधा तर धातूचा आहे, मग त्यात झिजतं काय?

खुब्याच्या सांध्याचे चार भाग असतात. कमरेच्या हाडात धातूची वाटी बसवतात. वाटीच्या आत प्लास्टिकचं अस्तर असतं, त्याला आम्ही लायनर म्हणतो. मांडीच्या हाडात दांडा जातो आणि दांड्याच्या टोकावर गोळा बसतो. चालताना गोळा लायनरमध्ये फिरतो, आणि झिजतो तो लायनर. तो पॉलिथिलीनचा असतो, पण बाजारातल्या पिशवीचं पॉलिथिलीन वेगळं आणि हे वेगळं. याचे रेणू फार लांब असतात आणि घर्षण सोसण्याची ताकद बरीच जास्त असते. तरीही ते झिजतंच.

साध्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पॉलिथिलीनमध्ये गोळा दरवर्षी साधारण ०.१ मिलिमीटर आत रुतत जातो. हा आकडा नगण्य वाटतो. पण गोळा २८ मिलिमीटरचा असेल, तर ०.१ मिलिमीटरच्या झिजेतून वर्षाला सुमारे ६० घन मिलिमीटर प्लास्टिक सुटतं. हे प्लास्टिक भुग्याच्या रूपात सुटतं आणि त्यातले बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. ढोबळ हिशोब केला तर प्रत्येक पावलाला लाखो कण सांध्यात पडतात.

एवढ्या बारीक भुग्याने हाड कसं विरघळतं?

भुगा स्वतः हाडाला काहीच करत नाही. हाड खातात त्या आपल्याच पेशी.

शरीरात मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. बाहेरून आलेलं काही दिसलं की गिळून पचवणं हे त्यांचं काम. जंतू असेल तर त्या पचवतात. पॉलिथिलीन मात्र पचत नाही. कण फार मोठा असेल तर पेशी त्याला गिळूच शकत नाही, आणि सर्वात जास्त त्रास देणारे कण साधारण ०.१ ते १ मायक्रॉनचे असतात, म्हणजे नेमके गिळता येतील एवढे. कण पोटात अडकलेली पेशी धोक्याची सूचना देत राहते आणि टीएनएफ अल्फा, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं सोडते. ही रसायनं मिळाली की शेजारच्या पेशी रँक लायगँड नावाचं प्रथिन जास्त बनवतात. त्याच्या जोरावर ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड खाणाऱ्या पेशी, तयार होतात आणि कामाला लागतात. दुसरीकडे, नवं हाड बनवणाऱ्या पेशींचं काम हाच भुगा मंदावतो. रोज थोडं हाड मोडणं आणि थोडं बांधणं हा व्यवहार जन्मभर चालूच असतो. इथे मोडण्याची बाजू जड होते.

आता हा भुगा वाटीच्या मागच्या हाडापर्यंत पोचतो कसा? सांध्यातलं पाणी त्याला तिथे नेतं. आपण उठतो, बसतो, चालतो तेव्हा सांध्यातल्या पाण्याचा दाब वाढतो आणि ते जिथे फट मिळेल तिथे घुसतं. वाटी हाडाला घट्ट बसवण्यासाठी तिला स्क्रूची भोकं ठेवलेली असतात. हा पाण्याला सर्वात सोपा रस्ता. दांड्याच्या बाबतीत खरबरीत लेप चारही बाजूंनी पूर्ण असेल तर हाड त्याला बिलगतं आणि वाट बंद होते. काही जुन्या दांड्यांवर लेपाचे फक्त तुकडे होते. त्यांच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यांवरून भुगा थेट दांड्याच्या टोकापर्यंत उतरायचा.

पूर्वी तर म्हणायचे की हे सिमेंटमुळे होतं?

म्हणायचे, आणि त्याला कारणही होतं. सांधा हाडात पक्का बसवण्यासाठी वापरतात तो लुकणासारखा पदार्थ म्हणजे सिमेंट. १९७६ साली विल्यम हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिमेंटने बसवलेल्या दांड्याभोवती हाडात मोठमोठ्या पोकळ्या झालेले रुग्ण नोंदवले. पोकळीतल्या ऊतीत सिमेंटचे कण सापडायचे, म्हणून संशय सिमेंटवर गेला आणि १९८७ च्या सुमारास ‘सिमेंट डिसीज’ हे नावही रूढ झालं. त्यावर उपाय म्हणून बिनसिमेंटचे सांधे आले. काही वर्षांनी त्यांच्याभोवतीही तशाच पोकळ्या दिसायला लागल्या, तिथे तर सिमेंट कुठेच नव्हतं. मग लक्ष पॉलिथिलीनकडे वळलं.

खरं तर इशारा आधीच मिळालेला होता. जॉन चार्नली यांनी सुरुवातीच्या खुब्यांत टेफ्लॉन वापरलं होतं. ते दोन-तीन वर्षांत भराभर झिजलं आणि भोवती दाण्यासारख्या ऊतीचे गोळे झाले. म्हणूनच १९६२ मध्ये त्यांनी ते सोडून पॉलिथिलीन घेतलं. आजचं अतिबंधित, म्हणजे हायली क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन १९९० च्या दशकाच्या शेवटी आलं. त्याची झीज जुन्यापेक्षा कितीतरी कमी आहे, आणि अशा लायनरभोवती मोठी पोकळी क्वचितच दिसते. तुमच्या सांध्यात कोणतं पॉलिथिलीन आहे हे म्हणूनच महत्त्वाचं. २००५ च्या आसपास आपल्याकडे दोन्ही प्रकार वापरात होते, त्यामुळे नुसत्या वर्षावरून अंदाज बांधू नका.

“साहेब, दुखत तर नाही, मंग कायले उघडायचं?”

हा प्रश्न सर्वात जास्त वेळा येतो आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

हाड विरघळणं आणि सांधा सैल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिमेंटच्या वाटीत सहसा हाड सिमेंटलगत पातळ थरात, कडेकडेने विरघळत जातं. त्यामुळे वाटी लवकर सैल होते आणि रुग्णाला दुखतं. बिनसिमेंटच्या वाटीत मात्र हाड काही जागी धातूला घट्ट जुळलेलं असतं आणि त्या जागांच्या मध्ये, स्क्रूच्या भोकांमागे, पोकळ्या वाढतात. वाटी तीन-चार ठिकाणी धरून असते, म्हणून हलत नाही. हलत नाही म्हणून दुखत नाही. पोकळी मात्र वाढत जाते आणि एक दिवस ती धरलेली जागाही खाल्ली जाते. तेव्हा वाटी वर सरकते आणि मगच दुखायला लागतं.

दुखण्याचे सूर ओळखता येतात. खुर्चीवरून उठताना पहिली दोन-चार पावलं दुखतात, मग बरं वाटतं, आणि पुन्हा बसून उठलं की तेच. हे सैल सांध्याचं जुनं लक्षण आहे. जांघेत दुखत असेल तर वाटीकडे बघावं, मांडीत दुखत असेल तर दांड्याकडे. रात्री झोपेत ठणका, ताप, जुन्या टाक्यातून पाणी येणं हे वेगळं प्रकरण आहे. त्यात आधी जंतुसंसर्गाचा विचार करायचा.

पण घट्ट वाटीमागच्या पोकळीत यातलं काहीच नसतं. ऑपरेशन सोपं असतं तो काळ बिनदुखण्याचाच असतो. म्हणून तपासणी ठरवून करावी लागते, दुखण्याची वाट बघून चालत नाही.

एक्स-रेत नेमकं काय बघता?

तीन गोष्टी बघतो, आणि त्या तिन्हींसाठी जुना एक्स-रे लागतो.

पहिली झीज. गोळा वाटीच्या मधोमध असायला हवा. तो वर सरकलेला दिसला तर लायनर तेवढा झिजला. एक्स-रेत सगळं मोठं दिसतं, पण गोळ्याचं खरं माप माहीत असल्याने प्रमाण काढता येतं. झिजेचा दर वर्षाला ०.१ मिलिमीटरच्या आत असेल तर पोकळ्या क्वचित दिसतात, ०.२ च्या वर गेला तर जवळजवळ नेहमीच दिसतात. सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत गोळा थोडा जास्त रुततो. तो प्लास्टिक दबल्यामुळे रुततो, झिजल्यामुळे नाही.

दुसरी पोकळी. वाटीभोवतीचं हाड आम्ही तीन विभागांत वाचतो, ही पद्धत डीली आणि चार्नली यांची, १९७६ ची. दांड्याभोवतीचे सात विभाग ग्रुएन यांचे, १९७९ चे. भुग्याने झालेली पोकळी सहसा कडेला गोलसर, आतून काळसर असते आणि तिच्यात हाडाच्या रेषा दिसत नाहीत. वयामुळे किंवा दांड्यावर भार गेल्यामुळे वरचं हाड फिकट दिसणं वेगळं, त्यात रेषा शाबूत असतात. यात नवखे डॉक्टरही गोंधळतात.

तिसरी हालचाल. वाटीचा कोन बदलला का, वाटी वर किंवा आत सरकली का, दांडा खाली बसला का, स्क्रू तुटला का, सिमेंटला चीर गेली का. यातलं एक जरी नक्की दिसलं तर सांधा सैल आहे. भोवतीच्या काळ्या रेघेचं तसं नाही. एखाद्याच विभागात एक मिलिमीटरची स्थिर रेघ वर्षानुवर्षं राहू शकते. ती सर्व विभागांत पसरली, दोन मिलिमीटरच्या वर गेली किंवा दर एक्स-रेला रुंदावत असली तर मात्र घोर लागतो. उलट बिनसिमेंटच्या दांड्याच्या लेपापाशी हाडाचे पूल तयार झालेले दिसले तर दांडा पक्का आहे असं समजावं.

एक अडचण मात्र कायम राहते. एक्स-रे सपाट चित्र देतो आणि धातूची वाटी मागचं हाड झाकते. म्हणून पोकळी दिसते त्यापेक्षा जवळजवळ नेहमीच मोठी निघते, विशेषतः खालच्या बैठकीच्या हाडात. ऑपरेशनचा विचार सुरू झाला की धातूची चमक कमी करणाऱ्या पद्धतीने सीटी स्कॅन करतो. ज्यांचा सांधा ठीक दिसतो त्यांना दरवेळी सीटी करायची गरज नाही.

एखाद्या रुग्णाचं उदाहरण देऊन सांगाल का?

सांगतो. ही केस अनेक रुग्णांवरून जुळवलेली आहे, एकाच माणसाची नाही.

उमरेडकडच्या एक ताई, वय ५०, सिकलसेल एसएस. उजवा खुबा २००५ मध्ये बदलला, तेव्हा त्या तिशीत होत्या. आल्या त्या डाव्या खुब्याच्या दुखण्यासाठी. तिथला गोळाही आता मेलेला होता. उजव्या बाजूला काहीच तक्रार नव्हती. कमरेचा पूर्ण एक्स-रे काढला तर उजवीकडे गोळा वाटीत मध्यावर नव्हता.

जुने एक्स-रे भावाने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते, २००६ चा आणि २०१३ चा. नव्या एक्स-रेत गोळा ३३.६ मिलिमीटर दिसत होता. खरा होता २८ चा, म्हणजे चित्र १.२ पट मोठं. वर सरकणं चित्रात २.९ मिलिमीटर आलं, भागून साधारण २.४. तेच माप २०१३ मध्ये ०.८ होतं. म्हणजे पहिल्या आठ वर्षांत ०.८ आणि नंतरच्या बारा वर्षांत १.६, दर वर्षाला ०.१३ च्या आसपास. वीस वर्षांत सुटलेलं प्लास्टिक एकूण दीड घन सेंटिमीटरच्या घरात गेलं. चमचाभरही नाही.

वाटीच्या वर, पहिल्या विभागात, बोराएवढी पोकळी होती, जी २०१३ मध्ये नव्हती. बैठकीच्या हाडाची कड पुसट होती. दांड्याच्या वरच्या टोकाला, पहिल्या आणि सातव्या विभागात, छोट्या खाचा होत्या. पण वाटीचा कोन २००६ मध्ये ४४ अंश होता आणि आताही ४४. दोन्ही स्क्रू शाबूत. दांड्याच्या लेपाजवळ हाडाचे पूल स्पष्ट. सीटीत बैठकीच्या हाडातली पोकळी अंदाजापेक्षा मोठी निघाली, पण वाटीला आधार देणारे हाडाचे पुढचा आणि मागचा खांब दोन्ही शिल्लक होते.

निष्कर्ष असा: लायनर झिजला, हाड विरघळतंय, वाटी आणि दांडा दोन्ही अजून घट्ट.

मग लगेच ऑपरेशन ठरवलं का?

नाही. आधी जंतू नाहीत ना हे बघितलं. दबा धरून बसलेला जंतुसंसर्ग अगदी असाच दिसू शकतो, आणि तो असताना नुसता लायनर बदलला तर सगळं वाया जातं.

इथे विदर्भातल्या डॉक्टरांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. सूज किंवा संसर्ग ओळखायला ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या करतात, पण सिकलसेलमध्ये ईएसआर फसवतो. ईएसआर वाढतो तो लाल पेशी एकमेकांवर चवडीने चिकटून खाली बसल्यामुळे. कोयत्यासारख्या वाकड्या पेशींची चवड नीट होत नाही, म्हणून संसर्ग असूनही ईएसआर कमी येऊ शकतो. या ताईंचा ६ आला. त्यावर आम्ही काहीच ठरवलं नाही. सीआरपी लिटरमागे ३ मिलिग्रॅम होता, तो जास्त कामाचा. तरीही खुब्यातलं पाणी सुईने काढलं, कारण सिकलसेलमध्ये प्लीहा नीट काम करत नाही आणि अशा लोकांना हाडातले संसर्ग जास्त होतात.

पाणी काढण्याआधी किमान दोन आठवडे अँटिबायोटिक बंद हवी. कोणी सर्दी-तापासाठी दिलेलं असेल तर ते लपवू नका, नाहीतर कल्चर खोटं निगेटिव्ह येतं. पाण्यात पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरमागे ३००० च्या वर आणि त्यात न्यूट्रोफिल ७०-८० टक्क्यांच्या वर असतील तर संसर्ग धरून चालतो. ताईंच्या पाण्यात ९०० पेशी आणि २० टक्के न्यूट्रोफिल होते. पाण्यात कण तरंगत असले की मशीन चुकीची मोजणी करते, म्हणून पॅथॉलॉजिस्टना हाताने मोजायला सांगावं. कल्चर चौदा दिवस ठेवायला सांगितलं. पाच दिवसांत बंद केलं तर काही मंद वाढणारे जंतू निसटतात.

ऑपरेशनचं नियोजन कसं केलं?

वाटी आणि दांडा दोन्ही घट्ट असतील तर ते काढायचे नाहीत. घट्ट वाटी उपटताना उरलंसुरलं हाडच सोबत येतं. फक्त लायनर आणि गोळा बदलायचा, पोकळी साफ करायची आणि तिथे हाडाचे तुकडे भरायचे. हे करायला चार गोष्टी जुळाव्या लागतात. वाटी खरोखर घट्ट हवी. तिचा कोन ठीक हवा. लायनर अडकवायची खाच शाबूत हवी. आणि त्याच वाटीत बसणारा लायनर आज बाजारात मिळायला हवा.

चौथी अट ऐकायला किरकोळ वाटते, पण खरी अडचण तिथेच येते. वीस वर्षांपूर्वीचा नमुना कंपनीने बंद केलेला असू शकतो. कंपनी, नमुना, वाटीचा आकार हे सगळं पहिल्या ऑपरेशनच्या स्टिकरवर असतं. ताईंच्या फाइलमध्ये स्टिकर होतं, वाटी ५० मिलिमीटरची. लायनर मागवता आला. मिळाला नसता तर दुसरा लायनर त्याच वाटीत सिमेंटने बसवता येतो, मात्र त्यासाठी वाटी आतून पुरेशी मोठी हवी, म्हणजे नव्या लायनरभोवती सिमेंटचा दोनेक मिलिमीटरचा थर राहील.

गोळा २८ ऐवजी ३२ चा ठरवला. लायनर बदलल्यावर सर्वात जास्त होणारी गुंतागुंत म्हणजे खुबा निखळणं. मोठा गोळा सहज निखळत नाही. नवा गोळा जुन्या दांड्याच्या टोकावर बसवताना आणखी एक काळजी असते. जुन्या, ओरखडे पडलेल्या टोकावर सिरॅमिकचा गोळा सरळ बसवला तर तो फुटू शकतो. सिरॅमिकच हवा असेल तर मध्ये टायटॅनियमची बाही लागते. आम्ही धातूचा घेतला.

प्लॅन बी टेबलावर तयार ठेवला होता. वाटी हातात आल्यावर हलली तर? मग मोठ्या आकाराची सच्छिद्र वाटी, जास्त स्क्रू, हाडाची कमतरता असेल तिथे सच्छिद्र धातूचे पाचर आणि जुनी वाटी हाड न फोडता कापून काढायची वक्र पात्यांची अवजारं. ही अवजारं नसताना रिव्हिजनला, म्हणजे जुना सांधा पुन्हा बदलण्याच्या ऑपरेशनला, हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अर्ध्या रस्त्यात अवजार मागवायला माणूस धावतोय असं व्हायला नको.

रक्ताची तयारी आठवडाभर आधी सुरू झाली. एसएस रुग्णाचं हिमोग्लोबिन ऑपरेशनआधी १० च्या आसपास आणावं लागतं आणि ज्यांना पूर्वी रक्त चढवलंय त्यांच्या शरीरात प्रतिपिंडं असू शकतात. म्हणून केवळ रक्तगट जुळवून चालत नाही, आरएच आणि केल हे उपगटही जुळवावे लागतात. तसं रक्त मिळायला वेळ लागतो. एप्रिल-मे टाळला. नागपूरच्या ४५ अंशांत घरून निघून दवाखान्यात पोचेपर्यंतच शरीरातलं पाणी कमी होतं, आणि पाणी कमी झालं की सिकलचा झटका येऊ शकतो. अर्जंट असेल तर उन्हाळ्यातही करतो, ही केस अर्जंट नव्हती.

ऑपरेशनमध्ये काय दिसलं?

लायनर काढला तेव्हा त्याच्या वरच्या भागात गोळ्याने केलेली दुसरी वाटीच दिसली, चकचकीत आणि खोल. वाटीच्या कडेवर पंच ठेवून दाबलं, कडेतून पाणी किंवा बुडबुडा बाहेर आला नाही. म्हणजे घट्ट. एक स्क्रू काढला आणि त्या भोकातून पिवळट-करडी, लोण्यासारखी ऊती खरवडून घेतली. तिचे पाच नमुने वेगवेगळ्या डब्यांत कल्चरला आणि एक सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवला. त्यात ध्रुवित प्रकाशात चमकणारे पॉलिथिलीनचे कण आणि मॅक्रोफेज दिसले, जंतू कुठेच वाढले नाहीत. पोकळी हाडाच्या पेढीतल्या तुकड्यांनी भरली.

घरच्यांनी एक चांगला प्रश्न विचारला होता: डावा खुबा बदलताना निघेल तोच गोळा उजवीकडे का वापरत नाही? कारण तो गोळा मेलेला आहे. सिकलने मेलेलं हाड भरून उपयोग नसतो.

सहा आठवडे काठीवर आणि अर्धा भार. निखळू नये म्हणून खाली बसणं, पाय आडवे टाकणं बंद. आमच्याकडे जमिनीवर बसून स्वयंपाक करणाऱ्या बायका अजून आहेत, त्यांना हे जड जातं, पण पहिले तीन महिने उंच ओट्यावरच काम करावं लागतं.

आणि वाट बघितली असती तर?

ठराविक भविष्य सांगता येत नाही, काही पोकळ्या वर्षानुवर्षं तशाच राहतात. पण झिजेचा दर वाढत असेल आणि पोकळी मोठी होत असेल तर पुढची पायरी ओळखीची आहे. वाटी वर आणि बाहेर सरकते, हाड खाल्लं जातं. नुकसान किती ते पॅप्रोस्की वर्गीकरणाने मोजतो: वाटी किती वर गेली, बैठकीचं हाड किती गेलं, अश्रूच्या आकाराची खूण राहिली का, कमरेच्या आतली उभी रेषा तुटली का. तीन सेंटिमीटरच्या वर सरकलेली वाटी म्हणजे वर्ग ३. तिथे लायनर बदलून भागत नाही. पाचर, पिंजरा, कधी कस्टम रोपण लागतं, ऑपरेशन लांबतं, रक्त जास्त जातं. वाटी आतल्या बाजूला कमरेच्या पोकळीत घुसली असेल तर आधी रक्तवाहिन्यांचा सीटी करावा लागतो, कारण मोठ्या वाहिन्या तिला चिकटलेल्या असू शकतात.

दांडा सैल झाला तर मांडीचं हाड वरून उभं चिरून खिडकीसारखं उघडावं लागतं आणि नवा लांब दांडा खालच्या शाबूत हाडात धरवावा लागतो. आजकाल त्यासाठी निमुळता, कडांना धार असलेला टायटॅनियमचा दांडा जास्त वापरतात.

हाड विरघळणं थांबवणारी गोळी आहे का?

सध्या नाही. हाड ठिसूळ झाल्यावर देतात त्या बिस्फॉस्फोनेट गोळ्या किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन याबद्दल प्रयोग झालेत, पण झिजलेल्या लायनरला ते पर्याय नाहीत. भुगा पडतच राहिला तर औषध किती दिवस पुरणार? कॅल्शियम, डी जीवनसत्त्व घ्या, त्याला हरकत नाही, पण त्यावर विसंबून तपासणी टाळू नका.

गुडघ्यातही हे होतं का?

होतं. गुडघ्यात लायनरच्या खालच्या बाजूनेही, म्हणजे तो ज्या धातूच्या थाळीवर बसतो तिथे, झीज होते. मांडीच्या हाडाच्या मागच्या कोपऱ्यातली पोकळी समोरच्या एक्स-रेत धातूमागे लपते, म्हणून बाजूचा आणि तिरका एक्स-रेही मागतो. धातूवर धातू घासणारे खुबे हे वेगळं प्रकरण आहे. त्यात कोबाल्ट-क्रोमियमचे कण मऊ ऊती खराब करतात. तुमचा सांधा तसा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, तपासण्या वेगळ्या लागतात.

किती दिवसांनी एक्स-रे काढायचा?

माझा परिपाठ असा आहे. जुनं पॉलिथिलीन असेल आणि पाचेक वर्षं झाली असतील तर दर वर्ष-दोन वर्षांनी, न दुखताही. अतिबंधित असेल तर अंतर जास्त ठेवलं तरी चालतं. झीज किंवा पोकळी दिसली की सहा महिन्यांनी पुन्हा, म्हणजे दर कळतो. कमरेचा पूर्ण एक्स-रे, दांड्याचं टोक येईल इतका, दरवेळी त्याच पद्धतीने. कमर किंचित फिरली तरी वाटीचा कोन बदललेला भासतो, आणि मग नसलेली हालचाल दिसते.

जुनी फाइल हरवली, आता?

पहिलं ऑपरेशन ज्या दवाखान्यात झालं तिथल्या रेकॉर्ड विभागात अर्ज करा. मेडिकल, मेयो किंवा धंतोली-रामदासपेठेतला खासगी दवाखाना, कुठेही असो, ऑपरेशनची तारीख आणि नाव द्यावं लागतं. काही नाही मिळालं तरी एक्स-रेवरून वाटी आणि दांड्याचा नमुना बऱ्याचदा ओळखता येतो. अनुभवी सर्जन आणि रोपणांचे वितरक आकार बघून सांगतात. पण त्यात आठवडे जातात, आणि चुकलं तर लायनर बसत नाही. नवं ऑपरेशन झाल्यावर स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, घरातल्या दुसऱ्या कोणाच्या मोबाइलमध्येही. जुने एक्स-रे रद्दीत टाकू नका, आणि सीडीवर असतील तर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, कारण आता सीडी वाचणारे संगणकच मिळत नाहीत.